पुसलेल्या फायली आणि न सुटणारी जागा

विंडोज एक्सपी सांगत होते की डिस्कवर 14 जीबी भरले आहेत. ज्या लॅपटॉपच्या पोटात ते एक्सपी चालत होते तो लॅपटॉप सांगत होता, 51 जीबी. दोघेही खरे बोलत होते. या दोन आकड्यांमधल्या 37 जीबींचे काय झाले, आणि ते परत कसे मिळवले, हा या लेखाचा विषय आहे.

काळाचौकीतल्या एका गाळ्यात माझ्या ओळखीचे एक गृहस्थ अक्षरजुळणी आणि मांडणीचे काम करतात. लग्नपत्रिका, मंडळांच्या स्मरणिका, आणि भाद्रपद सरत आला की दिवाळी अंक. त्यांचे जुने काम सगळे पेजमेकरमध्ये आहे. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती, 7.0, 2001 साली आली. त्यानंतर अडोबीने सगळा जोर इनडिझाइनवर दिला. मराठी मजकूर श्रीलिपीचा किंवा सी-डॅकच्या आयएसएमचा, म्हणजे युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांमधला. अशा फॉन्टात ‘क’ हे अक्षर संगणकाच्या लेखी एखादे इंग्रजी चिन्हच असते, फक्त दिसते ‘क’सारखे. त्या फायली आजच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्या तर पानभर भलतीच चिन्हे येतात. कुणी जुन्या अंकाची दुसरी आवृत्ती काढायची म्हटले की मूळ पेजमेकर, मूळ फॉन्ट आणि मूळ विंडोज लागते.

जुना संगणक बंद पडला तेव्हा यावर एकच उपाय उरला होता. नव्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स टाकून त्यात एक्सपी बसवले. मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा पाठिंबा 8 एप्रिल 2014 रोजी थांबवला, म्हणून त्याचे इंटरनेट तोडून टाकले. पण अक्षरजुळणीला इंटरनेट लागत नाही. व्यवस्था उत्तम चालली. लॅपटॉपला म्हणायचे होस्ट, म्हणजे यजमान, आणि आतल्या एक्सपीला गेस्ट, म्हणजे पाहुणा. पाहुण्याला वाटते आपली स्वतःची 60 जीबीची हार्ड डिस्क आहे. प्रत्यक्षात ती यजमानाच्या डिस्कवरची एक लठ्ठ फाइल असते, जिच्या नावाशेवटी `.vdi` असते.

ही फाइल सुरुवातीला 60 जीबीची नसते. नवी असताना ती दोन-तीन एमबीची असते. पाहुणा एखाद्या जागी पहिल्यांदा काही लिहितो तेव्हा व्हर्च्युअलबॉक्स त्या जागेसाठी एक ठोकळा फाइलमध्ये जोडतो. एक ठोकळा 1 एमबीचा. कुठला ठोकळा कुठे आहे याचा तक्ता फाइलच्या सुरुवातीला असतो. फाइल अशी गरजेपुरती वाढत जाते. लहान मात्र ती आपसूक कधी होत नाही, आणि सगळी गोम इथे आहे.

गेस्टमध्ये फाइल डिलीट केली, रिसायकल बिनही रिकामा केला, तर होते काय? एनटीएफएस आपल्या नोंदवहीत लिहून ठेवते की अमुक जागा आता रिकामी. त्या जागेवरचा मजकूर जसाच्या तसा पडून असतो. भाडेकरूचे नाव चाळीच्या वहीतून खोडले पण खोलीतले सामान हलवलेच नाही, असा हा प्रकार. वही गेस्टच्या हातात असते. होस्टला ती वही वाचता येत नाही. त्याला फक्त खोल्या दिसतात, आणि खोलीत सामान दिसले की तो म्हणतो, इथे कुणीतरी राहते. म्हणून ठोकळा फाइलमध्ये राहतो.

मांडणीच्या कामात हे विशेष जाचते. ए4 आकाराचे, 300 डीपीआयचे, चार रंगांचे एक चित्र म्हणजे 2480 गुणिले 3508 बिंदू आणि प्रत्येक बिंदूला चार बाइट, एकूण सुमारे 33 एमबी. जाहिराती, मुखपृष्ठाचे चार-पाच पर्याय, कथाचित्रे अशी धरली तर एका अंकाचे दोन-तीन जीबी सहज होतात. त्यात पीडीएफ करण्यासाठी पेजमेकरमधून आधी पोस्टस्क्रिप्ट फायली काढाव्या लागतात, आणि प्रत्येक मुद्रितशोधनानंतर त्या पुन्हा काढाव्या लागतात. अंक छापून आला की हे सगळे पुसले जाते. एनटीएफएस पुढच्या वर्षीचे काम नेमके त्याच रिकाम्या जागी लिहीलच असे नाही; बऱ्याचदा ते कोऱ्या भागात हातपाय पसरते. सहा दिवाळ्या गेल्या आणि फाइल 51 जीबीला जाऊन पोहोचली. लॅपटॉपची डिस्क 256 जीबीची, त्यावर 9 जीबी शिल्लक, आणि नव्या अंकाचे लेख यायला लागलेले.

तत्त्व सांगायला सोपे आहे. गेस्टच्या आत बसून सगळी रिकामी जागा शून्यांनी भरायची. मग गेस्ट बंद करून व्हर्च्युअलबॉक्सला सांगायचे की ज्या ठोकळ्यांत शून्यांशिवाय काहीच नाही ते काढून टाक. पूर्ण शून्य ठोकळा म्हणजे रिकामी खोली, हे होस्टलाही वही न वाचता कळते.

पण शून्ये भरण्याआधी थांबावे लागते, आणि ते तांत्रिक कारणासाठी नाही. पुसलेला मजकूर अजून तिथे पडून आहे हेच तर आपण वर म्हटले. म्हणजे चुकून पुसलेले काही परत हवे असेल तर ते मिळण्याची ही शेवटची वेळ. शून्ये भरल्यावर ते कायमचे गेले. मी गाळ्यात सगळ्यांना विचारले, ‘काही शोधताय का?’ तेव्हा काम करणारा मुलगा जरा चाचरत म्हणाला, ‘सर, 2009च्या अंकाचं फोल्डर दिसत नाहीये. मागच्या वर्षी साफसफाईत गेलं असेल.’ त्या अंकात एका लेखकाची कादंबरिका होती, तिचे पुस्तक करायचे चालले होते, आणि छापील प्रत सोडली तर दुसरीकडे मजकूर नव्हता. पुन्हा टंकायची तर सव्वाशे पाने.

म्हणून क्रम असा ठरवला. एक 1 टीबीची बाहेरची हार्ड डिस्क आणली. ती एनटीएफएसवर फॉरमॅट केलेली आहे ना, हे पाहिले. एफएटी32 असेल तर तिथे 4 जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावतच नाही. गेस्ट नीट शट डाऊन केला. नुसती ‘सेव्ह’ केलेली अवस्था चालत नाही, कारण झोपलेल्या गेस्टच्या मेमरीत डिस्कविषयीच्या जुन्या कल्पना तशाच असतात. मग मशीनचे सगळे फोल्डर जसेच्या तसे बाहेरच्या डिस्कवर उतरवून बाजूला ठेवले. त्या प्रतीला हात लावायचा नाही. त्यानंतर व्हर्च्युअलबॉक्सच्या मेनूतूनच मूळ मशीन बाहेरच्या डिस्कवर हलवले. फाइल एक्सप्लोररने नुसती ओढून नेली तर व्हर्च्युअलबॉक्सला ती सापडत नाही.

बाहेरची डिस्क घेण्याचे दुसरेही कारण होते. शून्ये लिहिणे म्हणजेही लिहिणेच. ज्या जागेला आजवर हात लागला नव्हता तिथेही शून्ये पडतात, तिच्यासाठीही ठोकळे जोडले जाऊ शकतात, आणि लहान करायला घेतलेली फाइल आधी फुगून 60 जीबीपर्यंत जाऊ शकते. लॅपटॉपवर उरलेल्या 9 जीबींत हे करणे म्हणजे काठावरचा खेळ. होस्टची डिस्क मध्येच भरली तर गेस्ट आहे तिथे थबकतो.

फोल्डरमध्ये पाहिले तर `.vdi` फाइल एक नव्हती, दोन होत्या: एक 31 जीबीची आणि दुसरी 20 जीबीची. म्हणजे कधीतरी स्नॅपशॉट घेतलेला होता. एखादे सॉफ्टवेअर टाकण्याआधी खबरदारी म्हणून घेतात आणि विसरतात. स्नॅपशॉट घेतला की मूळ फाइल गोठते आणि पुढचे सगळे लिखाण दुसऱ्या फाइलमध्ये जाते. अशा वेळी शून्ये भरली तर तीही दुसऱ्याच फाइलमध्ये पडतात. मूळ फाइलमधला जुना मजकूर झाकला जातो, हटत नाही. हे न पाहता पुढे गेलेले लोक नंतर म्हणतात की ही युक्ती चालतच नाही. स्नॅपशॉट आहे का, ते असे पाहता येते:

```
VBoxManage snapshot "DTP-XP" list
```

स्नॅपशॉट डिलीट केला की व्हर्च्युअलबॉक्स दोन्ही फायली एकत्र करतो. आजची अवस्था टिकते, फक्त मागे जाण्याची सोय जाते. 31 आणि 20 मिळून 51 होतील असे वाटते, पण एकत्र झालेली फाइल 43 जीबीची भरली. दोन्हीकडे असलेले ठोकळे सुमारे 8 जीबीचे होते, ते एकेकदाच उरले.

आता ते हरवलेले फोल्डर. एकत्र झालेल्या डिस्कची `clonemedium` या आज्ञेने नक्कल काढली. साधी कॉपी केली असती तर दोन्ही डिस्कांना एकच ओळखक्रमांक राहिला असता, आणि व्हर्च्युअलबॉक्स दुसरीला दारातच अडवतो. या आज्ञेने नक्कलेला नवा क्रमांक मिळतो आणि पुसलेला मजकूरही तिच्यात जसाच्या तसा येतो. ही नक्कल दुसऱ्या एका व्हर्च्युअल मशीनला जादा डिस्क म्हणून जोडली आणि टेस्टडिस्क या मोफत साधनाने एनटीएफएसवरच्या पुसलेल्या फायलींची यादी काढली. पेजमेकर 7च्या फायलींच्या नावामागे `.pmd` असते, 6.5च्या मागे `.p65`. त्या फोल्डरातल्या 14 फायलींपैकी 9 धडधाकट निघाल्या. तीन उघडल्याच नाहीत. त्यांच्या जागेवर नंतरच्या पोस्टस्क्रिप्ट फायली बसल्या होत्या. दोन अर्धवट आल्या. कादंबरिका त्या नवांमध्ये होती. इतके झाल्यावर शून्ये भरायला माझी हरकत उरली नाही.

भरण्याआधी गेस्टमध्ये थोडी आवराआवर केली. जे गेस्टच्या वहीत ‘वापरात’ म्हणून आहे, ते शून्य होणार नाही, म्हणून निरुपयोगी गोष्टी आधी काढल्या तर फायदा. एक्सपीचे सिस्टिम रिस्टोअर मोठ्या डिस्कचा 12 टक्क्यांपर्यंत भाग खाऊ शकते. ते बंद केले. मेमरीला पूरक असलेली `pagefile.sys` तात्पुरती बंद करून मशीन पुन्हा सुरू केले. दोन्ही मिळून 3 जीबी सुटले आणि वापरातली जागा 14ची 11 जीबी झाली.

मग डीफ्रॅग. हे का, ते ठोकळ्याच्या आकारात आहे. एनटीएफएस जागा 4 केबीच्या तुकड्यांत मोजते. 1 एमबीच्या ठोकळ्यात असे 256 तुकडे मावतात. त्यांतले 255 शून्य असले आणि एकाच तुकड्यात एखाद्या फॉन्टचा मजकूर असला, तरी तो ठोकळा सुटत नाही. एका खोलीत एक ट्रंक राहिली तरी खोली भरलेलीच धरायची, तसे. फायली एकत्र सरकवल्या की असे अर्धवट ठोकळे कमी होतात. एक्सपीचा आपला डीफ्रॅग फायलींचे तुकडे जोडतो, पण रिकामी जागा सलग करण्याची त्याला फारशी पर्वा नसते. त्यामुळे इथे पूर्ण यश अपेक्षू नये.

शून्ये भरायला मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्स संचातले एसडिलीट वापरतात. त्याच्या नव्या आवृत्त्या एक्सपीवर चालत नाहीत, जुनी लागते. एक्सपीतल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये आधी नुसते `sdelete` टंकून मदतीचा मजकूर वाचावा, कारण जुन्या-नव्या आवृत्त्यांत `-c` आणि `-z` यांचे अर्थ सारखे नाहीत. ज्या अक्षरापुढे “Zero free space (good for virtual disk optimization)” असे लिहिलेले दिसेल ते आपले. आमच्याकडच्या आवृत्तीत ते `-z` होते:

```
sdelete -z c:
```

दुसरे अक्षर रिकामी जागा ‘स्वच्छ’ करते, म्हणजे कुणालाही वाचता येऊ नये म्हणून तिथे शेवटी यादृच्छिक आकडे भरते. आपल्या दृष्टीने हे नेमके उलटे, कारण यादृच्छिक आकड्यांनी भरलेला ठोकळा होस्टला मजकुरासारखाच दिसतो. लालबागला एका ठिकाणी मी हे प्रत्यक्ष पाहिले. तिथे कुणीतरी `cipher /w:c:` ही विंडोजमधलीच आज्ञा चालवली होती. ती तीन फेऱ्या मारते: पहिली शून्यांची, दुसरी 0xFF या आकड्याची आणि तिसरी यादृच्छिक आकड्यांची. फाइल कमाल मर्यादेला जाऊन भिडली, नंतरची कॉम्पॅक्टची आज्ञा एकही चूक न दाखवता पूर्ण झाली, आणि आकार तसूभरही हलला नाही. हीच ओळखीची खूण. त्यात बिघडलेले काही नसते. शून्यांची फेरी मारून पुन्हा कॉम्पॅक्ट केले की काम होते.

काळाचौकीच्या मशीनवर या फेरीला सव्वा तास लागला. मध्येच एक्सपी पिवळा फुगा दाखवून डिस्क भरत आल्याची ओरड करते. घाबरून काही बंद करू नये. एसडिलीट सगळी जागा एका मोठ्या तात्पुरत्या फाइलने भरते आणि शेवटी ती पुसते. मध्येच तोडले तर ती फाइल मागे राहते आणि डिस्क खरोखरच भरलेली दिसते. त्या वेळात पेजमेकर उघडा नसावा, हे सांगायला नकोच. बाहेर `.vdi` फाइल फुगत जवळजवळ 60 जीबीला पोहोचली होती. मुलगा माझ्याकडे संशयाने बघू लागला होता.

गेस्ट शट डाऊन करून होस्टवर, व्हर्च्युअलबॉक्सच्या फोल्डरमधून, ही आज्ञा दिली:

```
VBoxManage modifymedium disk "E:\VM\dtp-xp.vdi" --compact
```

जुन्या आवृत्त्यांत `modifymedium disk`ऐवजी `modifyhd` लिहीत. ही आज्ञा शून्य ठोकळे वगळते, फाइलच्या शेवटाकडचे भरलेले ठोकळे पुढच्या रिकाम्या जागांत आणून बसवते आणि मग शेपूट कापते. सगळे त्याच फाइलच्या आत होते, वेगळी जागा लागत नाही. पण याच कारणाने मध्येच वीज गेली किंवा यूएसबीची वायर निघाली तर फाइल अर्धवट हललेल्या अवस्थेत सापडते. बाजूला ठेवलेली अस्पर्श प्रत याच वीस मिनिटांसाठी होती.

निकाल `showmediuminfo` या आज्ञेने पाहता येतो. इतर ओळी सोडून या तीन पाहाव्यात:

```
Format variant: dynamic default
Capacity:       61440 MBytes
Size on disk:   13722 MBytes
```

पहिली ओळ महत्त्वाची. तिथे `fixed` दिसले तर डिस्क पहिल्यापासूनच पूर्ण आकाराची बनवलेली आहे, आणि कितीही शून्ये भरली तरी कॉम्पॅक्टने ती आटत नाही. दुसरी ओळ गेस्टला दिसणारी डिस्क. ती 60 जीबीच राहते, गेस्टला काही बदलल्याचे कळतही नाही. तिसरी ओळ म्हणजे होस्टवर खरोखर लागलेली जागा, 13.4 जीबी. वापर 11चा आणि फाइल 13.4ची, मधले 2.4 जीबी म्हणजे ते ट्रंक अडकलेले अर्धवट ठोकळे. याच्यामागे लागून आणखी अर्धा-एक जीबी काढण्यात मला राम वाटत नाही.

ही पद्धत व्हर्च्युअलबॉक्समध्ये `.vdi` प्रकारासाठीच आहे. `.vmdk` असेल तर शून्ये भरून झाल्यावर तिची `.vdi` प्रकारात नक्कल काढावी. नक्कल करताना शून्य ठोकळे गळतात आणि तोच परिणाम मिळतो. गेस्ट लिनक्स असेल तर एसडिलीटऐवजी झिरोफ्री हे साधन वापरतात, आणि त्यासाठी ती डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडलेली असावी लागते. गेस्ट विंडोज 7 किंवा त्यानंतरचे असेल तर आणखी एक वाट आहे: व्हर्च्युअल डिस्क जोडताना ती एसएसडी आहे असे भासवून `--discard on` दिले की गेस्ट फाइल पुसताच त्या जागेची वर्दी खाली पाठवतो आणि पूर्ण रिकामे झालेले ठोकळे सुटू लागतात. एक्सपीला ही वर्दी देणे माहीत नाही. ते आले 2001 साली.

`pagefile.sys` परत चालू केल्यावर फाइल 15 जीबीच्या आसपास स्थिरावली. मशीन लॅपटॉपवर परत हलवले; 36 जीबी मोकळे झाले होते. दरवर्षी हा सोहळा करावा असे मला वाटत नाही, कारण लॅपटॉपच्या एसएसडीवर दर खेपेला 50 जीबी शून्ये लिहिणे हे तिच्या आयुष्यावर उगाच खर्च टाकणे आहे. त्याऐवजी एक्सपीला 20 जीबीची दुसरी व्हर्च्युअल डिस्क जोडून दिली, तिचे नाव ठेवले ‘कच्चा माल’. पोस्टस्क्रिप्ट फायली, जाहिरातींची चित्रे, मुखपृष्ठाचे पर्याय सगळे तिच्यावर. अंक छापून आला आणि हवे ते बाहेर काढून घेतले की ती अख्खी `.vdi` फाइल व्हर्च्युअलबॉक्समधूनच उडवायची आणि कोरी नवी जोडायची. त्याआधी मुलाने गाळ्यात सगळ्यांना विचारायचे की कुणाला काही हवे आहे का.